परत येण्याचं वाक्य

गोंदियात मला ओळखणारी माणसं अजून मला ‘जावावाले’ म्हणतात. मी राइस मिलच्या वजनकाट्यावर बसतो, धानाच्या गाड्या येतात, जातात, आणि एखादा नवीन ड्रायव्हर विचारतोच, “ये जावावाले क्यों बोलते हैं आपको?” मी सांगत नाही. मिलमधला दुसरा कोणीतरी सांगतो की साहेब सहा साल इंडोनेशियात होते, तिकडची भाषा फाडफाड बोलतात. मग ड्रायव्हर म्हणतो, कुछ बोलके दिखाओ. मी काटा बघतो.

या भाषेचा गोंदियात मला एकदाच उपयोग झाला. त्याबद्दल आजवर मी कुणाला धड सांगितलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, तेही चुकीचं अर्धं.

नव्व्याण्णव साली मी गेलो. नागपूरला कापडगिरणीचा डिप्लोमा केला होता आणि पश्चिम जावात भारतीय मालकांच्या सूतगिरण्या होत्या, त्यांना इकडची माणसं लागायची. गोंदियाच्या फलाटावर जवळच्या गोरेगावहून आमच्या वस्तीतली पंधरावीस माणसं सोडायला आली होती. वडील निळी टोपी घालून आले होते. दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतला माणूस, थोडंच बोलायचा, पण चार माणसं दिसली की त्याच्यातला वक्ता जागा व्हायचा. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “तीन वर्षांत वापस येशीन ना? समाजाचं देनं फेडाले?” मी हो म्हणालो. गाडी सुटत असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

कारखान्यात कामगारांकडून बोलायची भाषा शिकलो. लिहायची भाषा मात्र कचेरीतल्या एका बाईंनी शिकवली. परदेशी कामगारांच्या परवान्यांसाठी सरकारी खात्यांना पत्रं लिहिणं हे त्यांचं काम, आणि माझ्या विभागाचे कच्चे मसुदे मी करायचो. माझा मसुदा वाचून त्या हसायच्या. म्हणायच्या, तुझं पत्र दार न वाजवता घरात शिरतं. तिकडे अधिकाऱ्याला ‘तुम्ही’ असं सरळ सर्वनाम पत्रात चालत नाही, उद्धट वाटतं. ‘बापाक’, ‘इबु’ म्हणायचं, म्हणजे वडील, आई. आधी आदर, मग ओळख, तीही परवानगी मागून, मग काम, आणि शेवटी वेळ दिल्याबद्दल आभार. मागणी कधी मागणी म्हणून करायची नाही. ‘संधी मिळाल्यास’ असं म्हणून ती टेबलावर ठेवायची आणि हात मागे घ्यायचा.

त्या बाईंबद्दल एवढंच लिहितो. मी तिथं राहू शकलो असतो. तीनाची सहा वर्षं झाली तेव्हा वडिलांचा फोन आला, गोरेगावच्या एसटीडीवरून. ते रागावले नाहीत. म्हणाले, “फलाटावर जे लोकं होते ना, ते मले रोज इचारतेत.” मी आलो. आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले. मग लग्न, मिल, काटा.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दोन हजार बारा-तेराच्या सुमारास, एका रविवारी दुपारी एक मुलगी आणि तिचे वडील माझ्या घरी आले. बोदलकसाच्या अलीकडचं तलावाकाठचं गाव. नाव लिहीत नाही. ढिवर समाजाची माणसं, तलावावर मासेमारी करणारी त्यांची सहकारी संस्था. वडील संस्थेचे साधे सभासद. मुलगी नागपूरला मत्स्यविज्ञान शिकून नुकतीच पास झाली होती. तिच्या प्राध्यापकांनी तिला एका इंडोनेशियन विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचं सांगितलं होतं: पहिलं वर्ष भाषा, मग दोन वर्षं पदव्युत्तर. अर्जासोबत एक पानाचं हेतुपत्र हवं होतं, आपण का अर्ज करतो, काय शिकणार, पुढे काय करणार. इंग्रजी चालत होतं, पण शिकवणं इंडोनेशियनमध्ये असल्यानं त्या भाषेतलं पत्र असेल तर समितीवर चांगला परिणाम होईल असं प्राध्यापकांचं म्हणणं. तालुक्याला, तिरोड्यात, कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. म्हणजे नाव नाही, जावावाले एवढंच.

बाप दारातच उभा होता. मी बसा म्हटलं तेव्हा खुर्चीच्या कडेला टेकला. मुलगी मात्र येऊन सरळ बसली आणि तिने पिशवीतून कागद काढला.

“काका, इंग्लिशमध्ये नेटवरून पाहून लिहिलं होतं. सरांनी फाडलं. मग मराठीत लिहिलं, मनानं.”

ते मनानं लिहिलेलं पत्र चांगलं होतं. खरं तर फार चांगलं होतं आणि तसंच पाठवलं असतं तर फेकलं गेलं असतं. तिला मरळ माशाचं प्रजनन शिकायचं होतं. मरळ आमच्याकडे सगळ्यात महाग, आजारी माणसाला, बाळंतिणीला देतात, पण तलावात आता सापडत नाही. रोहू-कतल्याचं बीज बाजारात मिळतं, मरळीचं मिळत नाही. इंडोनेशियात हाच मासा ‘गाबुस’ म्हणून खातात आणि तिथं त्याची पैदास टाक्यांमध्ये करतात, हे तिने शोधून काढलं होतं. एवढा भाग नेमका होता. त्याच्या आधीचं पाऊण पान मात्र संतापाचं होतं. तलावाचा ठेका बाहेरचा माणूस कसा नेतो, साहेब लोक कसे भेटत नाहीत, बापाचं आयुष्य कंबरभर पाण्यात कसं गेलं. आणि शेवट होता: ‘ही शिष्यवृत्ती मला मिळालीच पाहिजे, कारण माझ्यासारख्यांना ती कधीच मिळत नाही.’

पुढे काय करणार याबद्दल एक ओळही नव्हती. परत येण्याबद्दल तर नाहीच.

आम्ही तीन-चार रविवार बसलो. मी तिला समजावलं की निवड करणारी माणसं तुझी शत्रू नाहीत, पण त्यांच्यासमोर अशी शे-दोनशे पत्रं असतात. त्यांना दोन गोष्टी बघायच्या असतात: ही मुलगी तिथं टिकेल का, आणि हिच्यावर केलेला खर्च कुठे उगवेल. राग दिसला तर ते घाबरतात, रडगाणं दिसलं तर कंटाळतात. गरिबी एकदा सांगायची, एका वाक्यात, आणि लगेच तिच्यातून तुझा विषय कसा निघाला ते सांगायचं. ठेकेदाराचं नाव काढायचं नाही. ‘आमच्या भागातील मच्छीमारांसमोरील आव्हानं’ म्हणायचं.

“म्हणजे खोटं?”

“खोटं नाही. आवाज खाली.”

ती हसली. “आमच्या गावात आवाज खाली केला तर पाण्यापलीकडे जात नाही, काका.”

बाप दर वेळी सोबत यायचा आणि गप्प बसायचा. एकदा मी मजकूर वाचून दाखवत होतो, ‘बापाक’ आणि ‘इबु’ म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. “तिकडंही साहेबाले मायबापच म्हना लागते का? मंग पोरगी कायले पाठवून राहिलो एवढ्या दूर?” आम्ही तिघेही हसलो. माझी बायको चहा घेऊन आली ती पण हसली. तेवढी एक दुपार चांगली गेली.

पत्र बनत गेलं. वरती समितीला आदरपूर्वक संबोधन, मग ‘देंगान होरमात’, सादर वंदन म्हणतो तसं. ओळख करून देण्याची परवानगी. तलाव, वडील, संस्था, दोन वाक्यांत. मरळ आणि गाबुस, सविस्तर, कारण तिथं अभिमान चालतो. अभ्यासाचा अभिमान गर्व वाटत नाही. तेच विद्यापीठ का निवडलं, तिथल्या कोणत्या प्रयोगशाळेत काय चालतं. ‘मिळालीच पाहिजे’च्या जागी ‘संधी मिळाल्यास’. सगळं जावातल्या कचेरीतल्या त्या बाईंनी शिकवलेलं होतं. लिहिताना माझ्या मागे कोणीतरी उभं राहून ओळी तपासतं आहे असं वाटायचं आणि ते मला आवडत होतं. एवढं कबूल करतो की त्या रविवारांची मी वाट बघायचो.

शेवटचा परिच्छेद राहिला. पुढे काय करणार.

मी विचारलं तर ती म्हणाली, “माहीत नाही काका. पुढे शिकेन. तिकडे पीएचडी असते. परत येईन की नाही, आत्ता कसं सांगू? अजून गेले पण नाही.”

ती हे अगदी सहज म्हणाली. बाप बाहेर चपला शोधत होता, त्याने ऐकलं नाही. मी ऐकलं.

मी त्या परिच्छेदात आधी लिहिलं होतं: ‘शिक्षण पूर्ण झाल्यावर माझ्या देशाच्या मत्स्यव्यवसायाच्या विकासाला हातभार लावण्याची माझी इच्छा आहे.’ एवढं पुरतं. समितीला हेच हवं असतं, सगळे हेच लिहितात, आणि यात काही खोटंही नाही. देशाला हातभार माणूस कुठूनही लावू शकतो. ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी ती गेल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, काट्यावर गाड्या नव्हत्या तेव्हा, मी ती ओळ खोडली आणि तिथं लिहिलं: ‘मी वचन देते की शिक्षण संपताच मी माझ्या गावी परत येईन आणि माझे वडील ज्या मच्छीमार संस्थेचे सभासद आहेत तिच्यासाठी काम करीन.’

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नेमकं वाक्य ढोबळ वाक्यापेक्षा चांगलं. माझ्या वडिलांचे शब्दही आठवले, समाजाचं देणं. ते खोटे शब्द नव्हते, मी आजही ते मानतो. पण त्या दुपारी ते मी हत्यारासारखे वापरले. ‘परत येईन की नाही, आत्ता कसं सांगू’ हे वाक्य मला कुणी म्हणू दिलं नव्हतं. तिने ते म्हटलं, चपला घातल्या आणि निघून गेली.

तिला मी फोनवर थोडक्यात सांगितलं: शेवटी परत येऊन काम करीन असं घातलंय, सगळेच घालतात. ती बरं म्हणाली. भाषा तिला येत नव्हती.

इथवर मामला पत्रात होता. समितीच्या फायलीत जाऊन पडला असता. पण प्राध्यापकांच्या शिफारशीसोबत संस्थेचंही एक शिफारसपत्र जोडावं असं मीच सुचवलं होतं, कारण समाजाचा पाठिंबा दिसला की तिकडे वजन पडतं. संस्थेच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला की शिक्का देऊ, पण ज्या कागदाला शिक्का जोडायचा तो आधी सभेत वाचून दाखवा. ही त्यांची जुनी रीत होती. वाचता न येणाऱ्या माणसांकडून पूर्वी कशावरही अंगठे घेतले गेले होते आणि तलाव हातचे गेले होते. म्हणून आता संस्थेत कुठलाही कागद पूर्ण मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नसे. आणि सभेत वाचला गेला की तो सगळ्यांचा झाला. कागदावर ज्याचं नाव, त्याने तो शब्द सगळ्यांना दिला असं धरायचे. पुढे कागद हरवला तरी शब्द राहायचा.

हे मला अध्यक्षांनी सभेच्या दिवशीच सांगितलं, वाचण्याच्या आधी. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली माणसं बसली होती, जाळी अंगावर टाकून तशीच आलेली. बायका एका बाजूला. अध्यक्ष म्हातारे, एका डोळ्याने कमी बघणारे. म्हणाले, “वाचा साहेब. अंगठ्यानं गंज नुकसान केलं आमचं. आयकल्याबिगर शिक्का नाही.”

मी इंडोनेशियन कागद हातात धरून मराठीत सांगत गेलो. आव्हानं वगैरे आलं तेव्हा एकजण म्हणाला, “ठेकेदाराचं नाव नाही टाकलं?” अध्यक्षांनी त्याला गप्प केलं. मरळीचा भाग आला तेव्हा सगळे पुढे सरकून ऐकायला लागले. मग शेवटचा परिच्छेद.

तिथं थांबून मी खोडलेलं वाक्य म्हणू शकत होतो. ती भाषा कळणारा माणूस तिथं मी एकटा होतो. कागदावर एक आणि तोंडी दुसरं, कुणाला पत्ता लागला नसता. मी जे लिहिलं होतं तेच वाचलं, नेमकं, एक शब्द न गाळता.

मग बायकांतली एक म्हातारी म्हणाली, “येशीन ना वं बाई? का तिकडंच राहशीन?” बाकीच्या हसल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं. बाप तिच्याकडे बघत होता, तोंड उघडं, जणू आत्ता कोणीतरी त्याचा सत्कार केला होता.

“येईन,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

शिक्का उमटला. परतताना मोटारसायकलपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली. “काका, ते असंच लिहावं लागते काय?”

“समितीला तसंच आवडतं,” मी म्हणालो.

तिची निवड झाली. ऑनलाइन मुलाखतीत त्यांनी सगळं मरळीबद्दलच विचारलं, आणि दोन प्रश्न भाषेबद्दल. परत येण्याचा विषयही निघाला नाही, असं तिनेच सांगितलं. पत्राचा सूर नम्र आणि स्पष्ट होता असं समितीतल्या एका बाईंनी म्हटलं होतं. मला आनंद झाला आणि त्या आनंदात मी ते वाक्य विसरलो, किंवा विसरल्यासारखं केलं.

अधूनमधून तिचे मेल यायचे. पहिल्या वर्षी मराठीत, दुसऱ्या वर्षापासून इंडोनेशियनमध्ये. माझ्यापेक्षा चांगलं लिहायला लागली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला एका सकाळी फोन आला. प्रयोगशाळेतल्या तिच्या मार्गदर्शक बाई तिला पीएचडीसाठी ठेवायला तयार होत्या, त्यांच्या स्वतःच्या संशोधन प्रकल्पातून. शिष्यवृत्तीवाल्यांची हरकत नव्हती. हरकत गावात होती. बापाला फोन केला तर तो म्हणाला होता, सभेत शब्द देला हाय बाई.

“मी माझं पत्र परत वाचलं, काका,” ती म्हणाली. “आता वाचता येते. माझ्यासोबतच्या सगळ्यांना विचारलं. कोणीच असं नाही लिहिलं. सगळ्यांनी देशाचं लिहिलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी भांडत नाही. तुम्ही फक्त सभेत जाऊन सांगा, की ते वाक्य माझं नव्हतं. तिकडच्या साहेबांसाठी तुम्ही घातलं होतं. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. मी सांगितलं तर पळून जाऊन राहिली म्हणतील.”

मी जातो म्हणालो, आणि पुढच्याच रविवारी गेलो, सांगायचंच ठरवून. रस्त्यात वाक्यं जुळवली होती, आवाज खाली, आधी आदर, मग काम.

बाप मला पाळीवर भेटला. सभा दुपारी होती, तोवर चला म्हणाला, दाखवतो. पाळीच्या खालच्या पडीक जागेत त्यांनी चार बोड्या खोदल्या होत्या. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. सरकारी काम नव्हतं, मशीन नव्हती. संस्थेच्या घराघरातल्या माणसांनी दोन उन्हाळे खोदून, बायकांनी माती डोक्यावर वाहून केलं होतं. काठ चोपून गुळगुळीत केलेले, पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला पाइप बसवलेले. तिनेच फोनवर कधीतरी माप सांगितलं होतं म्हणे, सहज विचारलं म्हणून. चौथ्या बोडीत ती सभेतली म्हातारी काठावर बसून गवत उपटत होती.

“हे मरळीच्या पिलाइले,” बाप म्हणाला. “ते आली का पानी सोडतो.”

मी बोड्यांभोवती फिरलो. बरं झालंय म्हणालो. दुपारी सभेत बसलो. अध्यक्षांनी विचारलं, “काही काम होतं साहेब?” मी म्हणालो, नाही, बोड्या बघायला आलो होतो. चहा दिला, तो प्यालो.

संध्याकाळी तिला फोन केला आणि म्हणालो, सांगून पाहिलं, ऐकत नाहीत.

या सगळ्यात माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात वाईट वाक्य हेच. ते पत्रातलं दुसऱ्या नंबरावर येतं. पत्रातलं लिहिताना माझ्या मनात निदान चार गोष्टींचा गुंता होता. हे म्हणताना फक्त भीती होती, त्या म्हातारीची, बापाच्या चेहऱ्याची, आणि एखादा विचारेल की साहेब, मग तुम्ही असं लिहिलंच काऊन?

ती आली. बोड्यांत पाणी सोडलं गेलं. पहिल्या वर्षी पिल्लं एकमेकांना खाऊन संपली, मरळीत तसं होतं. दुसऱ्या वर्षी तिने आकारानुसार वेगळी करून वाचवली. आता तिरोड्याच्या बाजारात तिच्याकडची मरळ येते, संस्थेला चार पैसे मिळतात, आणि कार्यक्रमांत तिचा सत्कार होतो. एका सत्कारात मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. ‘परदेशी शिकूनही गावाला न विसरलेली कन्या’ असं लिहिलेला फलक होता. तिने माझ्याकडे पाहून नमस्कार केला, तिकडच्या लोकांसारखा, छातीशी हात नेऊन. मी तब्येतीचं कारण सांगून जेवायच्या आत निघालो.

त्यानंतर मी टाळत राहिलो. तिच्या गावाचा माणूस काट्यावर आला तर दुसऱ्याला बसवायचो. मिलमध्ये कोणी इंडोनेशियाचा विषय काढला की उठून जायचो. मधल्या काळात मुलगा बारावी झाला, पुण्याला जायचं म्हणाला, आणि बायको म्हणाली, त्याला सांगा शिकून परत ये म्हणून. मी नाही सांगितलं. तिला त्याचं अजून नवल वाटतं.

मुलगा गेला त्याच आठवड्यात मी एसटीने तिरोड्याला आणि तिथून पुढे गेलो. ती तिसऱ्या बोडीत कंबरभर पाण्यात होती, दोन बायकांसोबत जाळं ओढत. मला बघून तिने जाळ्याचं टोक दुसरीच्या हातात दिलं आणि काठाशी आली, पण वर नाही आली. मी काठावर उकिडवा बसलो.

“तेव्हा मी सभेत काही बोललोच नव्हतो,” मी म्हणालो. “तुला ऐकत नाहीत म्हणालो ते खोटं होतं.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “बा नं त्याच दिवशी सांगितलं. साहेब येऊन बोड्या पाहून गेले, चहा प्याले, खूश होते. तुमच्या फोनच्या आधी त्याचा फोन आला होता.”

“मग मला काही बोलली का नाहीस?”

“बोड्यांचा फोटो पाठवला होता त्यानं. माझ्याच्यानंही नाही बोलवलं.” तिने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. “ते जाऊ द्या. पत्रातलं सांगा. ते काऊन लिहिलं?”

या प्रश्नाची तयारी मी बरीच वर्षं केली होती. त्यात वडील होते, समाज होता, समितीच्या अपेक्षा होत्या. ते सगळं मी बाजूला ठेवलं.

“तू म्हणाली होतीस, परत येईन की नाही आत्ता कसं सांगू. मला यावं लागलं होतं. तू सुटशील हे मला सहन झालं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मागे एक बाई म्हणाली, बाई, जाळं भारी होऊन राहिलं वं. तिने मान वळवून आलेच म्हटलं. मग माझ्याकडे न बघता तिने इंडोनेशियनमध्ये एक वाक्य म्हटलं, सावकाश, पत्रात लिहितात तसं: शिक्षण पूर्ण झाल्यावर माझ्या देशाच्या मत्स्यव्यवसायाला हातभार लावण्याची माझी इच्छा आहे. तेच, जे मी खोडलं होतं. तिला ते माझ्याकडून कधीच मिळालेलं नव्हतं. तिने स्वतः तयार केलं होतं.

“याच्यावर घेतलं असतं का त्यांनी मला?”

“घेतलं असतं.”

तिने मान हलवली आणि जाळ्याकडे वळली. तिघींनी मिळून ते काठाकडे ओढत आणलं. आत बोटाएवढी काळपट पिल्लं उसळत होती. ती त्यातली मोठी वेगळ्या बादलीत टाकू लागली, लहानांना खाऊ नयेत म्हणून. जा असं ती मला म्हणाली नाही, थांबा असंही म्हणाली नाही. परतीच्या गाडीला वेळ होता. मी काठावर तसाच बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने तिने एक रिकामी बादली माझ्याकडे सरकवली. मी ती धरली.